कवडशाचे तीन कारभारी

सकाळचे नऊ वाजलेत, वाड्याच्या खिडकीतून माजघरात उन्हाचा कवडसा पडलाय, आठ वर्षांचा नातू त्या कवडशातून चालत देवघरापाशी आजीजवळ जातो आणि काहीतरी विचारतो. पडद्यावर हे सगळं दीड मिनिटात संपतं. प्रेक्षकाला वाटतं, कॅमेरा लावला, मुलाला चालायला सांगितलं, झालं. साताऱ्याकडच्या एका गावात हा प्रसंग चित्रित होत असताना मी दिवसभर माजघराच्या कोपऱ्यात उभा होतो. ती खिडकी पश्चिमेची होती. सकाळी तिच्यातून ऊन येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि दुपारनंतर जे यायचं ते नको असलेलं. त्यामुळे दिवसभर त्या खिडकीत सकाळचे नऊच वाजलेले ठेवणं हे त्या दिवसाचं खरं काम होतं.

ऊन कसं दिसावं हे दिग्दर्शक आणि कॅमेरामननं ठरवलं होतं. ते प्रत्यक्ष पाडलं तिघांनी. सिनेमाच्या शेवटी नावांची पट्टी वर सरकत असताना आपण चपला शोधत असतो, तेव्हा त्यांची नावं जातात: गॅफर, की ग्रिप आणि फर्स्ट असिस्टंट डायरेक्टर, म्हणजे सेटवरच्या भाषेत फर्स्ट एडी.

गॅफर हा इंग्रजीतला जुना शब्द. अर्थ म्हातारबुवा, आणि त्यावरून टोळीचा मुकादम. सिनेमात तो दिव्यांचा मुकादम. कॅमेरामन म्हणतो, “मला सकाळचं कोवळं ऊन हवंय, मुलगा चालत असताना त्याच्या तोंडावर ते सारखं राहिलं पाहिजे.” या वाक्यातून किती ताकदीचा दिवा, कुठे, किती उंच, त्याला वीज कुठून, हे काढायचं काम गॅफरचं. त्याच्या हाताखालच्या लाईटमन लोकांना आपल्याकडे सगळे ‘लाईट दादा’ म्हणतात, आणि गॅफर हा त्या दादांचा दादा.

त्या दिवशी त्यानं खिडकीबाहेरच्या परसात दिवा लावला तो खिडकीपासून तब्बल दहा मीटरवर. मला नवल वाटलं. खिडकीला चिकटून लहान दिवा लावला असता तर वीजही वाचली असती आणि वायरही. त्यानं मला जमिनीवर काडीनं रेघ ओढून दाखवलं. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो. मुलगा खिडकीच्या आत एक मीटरवर उभा आहे आणि तिथून चालत चार मीटर आत जाणार आहे. दिवा खिडकीबाहेर दोन मीटरवर ठेवला, तर मुलाचं दिव्यापासूनचं अंतर तीन मीटरवरून सहा मीटर होतं. म्हणजे देवघरापाशी पोहोचेपर्यंत त्याच्या तोंडावरचा प्रकाश चौथाई उरतो, आणि चार पावलांत दिवा ओळखू येतो. खरा सूर्य इतका लांब आहे की खोलीतल्या चार पावलांनी त्याला काही फरक पडत नाही. दिवा दहा मीटर मागे नेला की तीच अंतरं अकरा आणि चौदा मीटर होतात, आणि प्रकाश सुमारे ६२ टक्के उरतो. डोळ्याला हे जवळपास उन्हासारखं वाटतं. पण लांबून तेवढा उजेड पोचवायचा तर दिवा दांडगा लागतो. त्यांनी अठरा किलोवॅटचा एचएमआय लावला होता. या दिव्याचा रंग मुळातच दिवसाच्या उजेडाचा, ५६०० केल्विनच्या आसपासचा असतो. त्यावर फिकट नारिंगी जेलचा कागद लावला की ऊन कोवळं होतं.

आता विजेचा हिशेब. अठरा हजार वॅटला आपल्या २३० व्होल्टनं भागलं तर ७८ अँपिअर येतात, आणि दिव्यासोबतची चोकपेटी, तिला बॅलास्ट म्हणतात, आणखी थोडी ओढते. घरातला गीझरचा मोठा प्लग असतो १६ अँपिअरचा. वाड्याच्या मीटरवर हा दिवा लावायचा विचारही करायचा नाही. म्हणून जनरेटर. तो दोन गल्ल्या पलीकडे उभा केलेला, कारण त्याचा आवाज संवादात येतो. तिथून परसापर्यंत जाड केबल. जनरेटर तीन फेजचा असतो आणि गॅफर सगळे दिवे तिन्ही फेजवर शक्य तितके सारखे वाटून टाकतो. मोठा दिवा पेटवण्याआधी तो स्वतः मीटर घेऊन वाटपपेटीपाशी बसला आणि प्रत्येक फेज न्यूट्रलशी तपासली. मी विचारलं, एवढं काय त्यात? तो म्हणाला, “साहेब, फेज गेली तर दिवा बंद पडतो. न्यूट्रल सुटला तर दिवा जळतो.” गावाकडे डीपीवरचा न्यूट्रल तुटून घराघरातले टीव्ही जळाल्याचं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. तीन फेजमध्ये न्यूट्रल निसटला की कमी भार असलेल्या फेजवरचा दाब २३० वरून ४०० व्होल्टकडे चढू लागतो.

केबलबद्दल त्याचा आणखी एक दंडक होता. उरलेली केबल वेटोळं करून ठेवायची नाही. नव्या पोराला वाटतं, नीट गुंडाळून ठेवली की बरं दिसतं. पण भार चालू असताना वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, आतले पदर तापून वायरीचं आवरण वितळतं. जास्तीची केबल जमिनीवर सैल, नागमोडी पसरून टाकायची. गॅफर दर तासाला जोडांवर हाताची उलटी बाजू ठेवून फिरत होता. कोमट चालतं. हात मागे घ्यावासा वाटला तर जोड सैल आहे असं समजायचं.

इथवर प्रकाश आला. पण नुसता प्रकाश म्हणजे कवडसा नव्हे. अठरा किलोवॅटचा झोत खिडकीतून घुसला तेव्हा माजघर लग्नाच्या हॉलसारखं उजळलं, भिंत पांढरीफट्ट पडली आणि आजीच्या मागचा कोनाडा, जो अंधारात हवा होता, तो लख्ख दिसू लागला. इथून पुढचं काम की ग्रिपचं. गॅफर प्रकाश आणतो, ग्रिप तो कापतो. अमेरिकेत ही वाटणी कडक आहे: ज्याला वायर जोडलेली आहे ते इलेक्ट्रिशियनचं, आणि प्रकाशाच्या वाटेत उभं राहणारं पण वायर नसलेलं सगळं ग्रिपचं. तिथे बरेचदा दोघांच्या युनियनच्या शाखाही वेगळ्या. ब्रिटनमध्ये ग्रिप फक्त कॅमेऱ्याची हालचाल बघतो आणि कापाकापी दिवेवालेच करतात. आपल्याकडे बरेचदा तसंच चालतं. कटर लाईट दादांच्या हातात, आणि ट्रॅक-ट्रॉली घेऊन येणारी टोळी वेगळी. या युनिटच्या कॅमेरामननं मात्र अमेरिकी पद्धतीचा की ग्रिप नेमला होता, म्हणून मला ते काम सुटं पाहायला मिळालं.

काळ्या कापडाची चौकट म्हणजे कटर. ग्रिपनं कोनाड्यावर सावली टाकायला एक कटर घेतला आणि दिव्यासमोर धरला. सावली पडली, पण तिची कड धूसर, पसरट. मग त्यानं तोच कटर खिडकीजवळ आणला. कड सुरीनं कापल्यासारखी झाली. सावली जिथे पडते त्याच्या जवळ आडोसा धरला की कड तीक्ष्ण, दिव्याजवळ धरला की मऊ. हे घरी टेबल लॅम्पसमोर हात धरून कोणालाही करून बघता येईल. कोनाड्याला त्यानं मऊ कड ठेवली, कारण खोलीतला अंधार हळूहळू दाटतो. खिडकीच्या चौकटीसाठी मात्र तीक्ष्ण.

मग जाळी. मघाचा हिशेब आठवा: दिवा दहा मीटरवर नेऊनही मुलगा खिडकीपाशी असताना शंभर प्रकाश आणि देवघरापाशी ६२. तेवढाही फरक कॅमेरामनला नको होता, कारण मुलाचा सदरा पांढरा होता आणि खिडकीपाशी तो जळत होता, म्हणजे कपड्याचा पोत पुसला जाऊन पांढरा डाग उरत होता. ग्रिपकडे बारीक काळ्या जाळीच्या चौकटी असतात. एकेरी जाळी अर्धा स्टॉप खाते, म्हणजे शंभरातले सुमारे तीस हिस्से. दिवा उंचावर असल्यानं खिडकीच्या खालच्या भागातून येणारे किरण जवळ पडत होते आणि वरच्या भागातले लांब. ग्रिपनं जाळी फक्त खालच्या भागासमोर लावली. खिडकीपाशी शंभराचे एकाहत्तर झाले, देवघरापाशी बासष्ट तसेच राहिले. मुलगा चालत गेला आणि ऊन त्याच्या अंगावर एकसारखं राहिलं. मॉनिटरवर जाळीचा मागमूस नव्हता. असती, तर ती चुकली असती.

देवघराच्या बाजूला थेट झोत नको होता. तिथे गॅफरनं एक छोटा दिवा आजीकडे पाठ करून थर्माकोलच्या पांढऱ्या पाटीवर मारला, आणि पाटीवरून परतलेला मऊ उजेड आजीच्या चेहऱ्यावर आला. पाटी ग्रिपच्या माणसानं धरलेली. ही युक्ती आपल्या घरची आहे. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी वाराणसीतल्या घराचा चौक बन्सी चंद्रगुप्त यांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. अशा चौकात ऊन थेट येत नाही, आभाळाचा बिनसावलीचा उजेड वरून झिरपतो. स्टुडिओच्या दिव्यांनी तो येईना, तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकाच्या डोक्यावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. ज्यानं आपल्या जुन्या वाड्याच्या चौकात दुपार काढली आहे, त्याला तो उजेड लगेच ओळखू येईल.

कॅमेऱ्याखालचा ट्रॅकही ग्रिपचाच. मुलाच्या बरोबरीनं कॅमेरा सरकणार होता, आणि माजघराची जमीन होती जुन्या फरशीची, कुठे खचलेली, कुठे फुगलेली. डोळ्याला न दिसणारा उतार ट्रॉलीला दिसतो. ग्रिपनं आधी सगळ्या जमिनीत उंच जागा शोधली, रुळाचं ते टोक तिथे टेकवलं आणि बाकीचे रूळ लाकडी पाचरी घालून त्या उंचीला आणले. हे नेहमी उंच जागेपासूनच करायचं, कारण पाचर घालून रूळ वर उचलता येतो, फरशी खोदून खाली नेता येत नाही. शेवटी पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आला तेव्हा तो उठला. या सगळ्याला पाऊण तास गेला.

आणि तो पाऊण तास कोणीतरी मोजत होतं.

फर्स्ट एडी ही तिशीतली मुलगी होती. हातात घडी घातलेला कागद, कमरेला वॉकीटॉकी. अनेकांचा समज असा की सहायक दिग्दर्शक म्हणजे दिग्दर्शकाचा शिकाऊ उमेदवार, उद्याचा दिग्दर्शक. फर्स्ट एडी तसा नसतो. अभिनय कसा हवा, चौकट कशी हवी, यात त्याला पडायचं नसतं. त्याच्या हवाली असतो वेळ. चित्रीकरणाच्या कितीतरी आधी तो पटकथा घेऊन बसतो आणि प्रत्येक पानाचे आठ भाग करून प्रसंग मोजतो. आमचा प्रसंग एक पान आणि तीन अष्टमांश होता. मग कोणत्या प्रसंगाला कोण नट, कोणती जागा, दिवस की रात्र, जनावर आहे का, लहान मूल आहे का, हे काढून कोणता प्रसंग कोणत्या तारखेला, हे लावतो. सेटवर ‘सायलेन्स’, ‘रोल साउंड’, ‘रोल कॅमेरा’ असं ओरडणारा आवाज त्याचा असतो. दिग्दर्शकाकडे उरतात दोन शब्द, ‘ॲक्शन’ आणि ‘कट’.

तिच्या कागदावर त्या दिवशी सगळ्यात वर मुलाचं नाव होतं. आपल्याकडे २०१७ पासून लागू असलेल्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. मुलाला नऊला बोलावलं म्हणजे दोनला सोडायचं. शिवाय पश्चिमेच्या खिडकीत खरं ऊन दीडच्या सुमाराला शिरणार. या दोन गोष्टींवरून तिनं शॉटचा क्रम लावला होता. कथेत आजी आधी बोलते, पण चित्रित आधी झाला मुलगा: त्याचं चालणं, मग त्याचा क्लोजअप. आजीची उत्तरं दुपारी, मूल घरी गेल्यावर. आजीचं काम करणाऱ्या बाई ज्याच्याकडे बघून मायेनं हसल्या, ती स्टँडला चिकटवलेली टेपची फुली होती, आणि नातवाचे प्रश्न फर्स्ट एडीच वाचत होती, कोरड्या आवाजात.

“दादा, किती वेळ?” तिनं सकाळी गॅफरला विचारलं.

“वीस मिनिटं.”

“खरी वीस की सेटवरची वीस?”

तो हसला. “पस्तीस धर.”

तिनं चाळीस लिहिली. कोणता माणूस किती मिनिटं कमी सांगतो याचा तिच्याकडे पक्का अंदाज असतो. पण तिला या दोघांना नुसतं घाईला लावून चालत नाही. दिव्याचं काम चालू असताना ट्रॅक लावून होईल का, त्याच वेळी मुलाचा मेकअप उरकेल का, असं एकात एक बसवणं हेच तिचं कौशल्य. ट्रॅकचा पाऊण तास बराचसा दिव्याच्या चाळीस मिनिटांच्या पोटात गेला तो असा.

मुलगा दोनला पाच मिनिटं असताना मोकळा झाला. तोवर बाहेर ग्रिपनं बारा फूट बाय बारा फुटांची चौकट उभी करून तिच्यावर काळं कापड चढवलं होतं. खऱ्या सूर्याला अडवायचं आणि तिच्याखालून आपल्या सूर्याला आत सोडायचं, अशी रचना. आजीचे शॉट सुरू झाले. साडेतीनला पश्चिमेकडून वळिवाआधीचा वारा सुटला.

बारा बाय बाराचं कापड म्हणजे होडीचं शीडच. ताशी चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर शंभर किलोच्या आसपास जोर येतो, आणि वारा दुप्पट झाला की जोर चौपट. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या होत्या, चारही कोपऱ्यांना दोर बांधून खुंट्यांना ताणलेले होते. ग्रिप आभाळाकडे बघत नव्हता, दोरांकडे बघत होता. वाऱ्याकडचा एक दोर ताठ होऊन त्याच्यासमोरचा पूर्ण सैल पडला, तसा तो म्हणाला, “उतरवतोय.” दिग्दर्शकाला आणखी एक टेक हवा होता. दोन मिनिटांचं काम, तो म्हणाला. फर्स्ट एडीनं वॉकीवर एकच वाक्य सांगितलं, “फ्रेम खाली येतेय, परसातून सगळे बाहेर.” वाद झाला नाही, कारण अशा वेळी कोणाचं चालतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सगळीकडे ते ठाऊक असतं असं नाही. २० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ‘मिडनाइट रायडर’ या सिनेमाचं युनिट रेल्वेच्या पुलावर लोखंडी पलंग ठेवून चित्रीकरण करत होतं. रुळांवर जायला रेल्वे कंपनीनं नकार दिलेला होता. गाडी आली, आणि सारा जोन्स ही २७ वर्षांची कॅमेरा असिस्टंट त्यात मरण पावली. दिग्दर्शकाला तुरुंगात जावं लागलं, आणि फर्स्ट एडीलाही न्यायालयानं दोषी ठरवून दहा वर्षांची प्रोबेशन दिली. सेटवर ‘चला, घेऊ या’ म्हणणारा आवाज ज्याचा, त्यानं ‘नाही’ म्हटलं नाही तर तेही कायद्यात मोजलं जातं.

आमच्याकडे कापड खाली आलं, खरं ऊन खिडकीतून तिरपं घुसलं आणि सकाळच्या प्रसंगात दुपार झाली. पण फर्स्ट एडीच्या कागदाच्या मागच्या बाजूला अशाच वेळेसाठी राखलेले तीन शॉट होते: आजीचे हात, समईची वात, कोनाड्यातली पितळी डबी. तिन्ही देवघराच्या आतल्या अंगाला, जिथे खिडकीतलं ऊन पोचत नाही. गॅफरनं मोठा दिवा थोडावेळ बंद करायचा का, असं कोणीतरी विचारलं. तो नको म्हणाला. एचएमआय पेटल्यावर पूर्ण उजेडाला यायला काही मिनिटं घेतो, आणि गरम असताना विझवला तर कधी कधी थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. वारा पडेपर्यंत दिवा परसात एकटाच जळत राहिला. सव्वाचारला कापड पुन्हा चढलं आणि दिग्दर्शकाला हवा होता तो टेक मिळाला. मॉनिटरवर अजून सकाळचे नऊच वाजलेले होते.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी पॅकअप झालं. नट आधी गेले, मग दिग्दर्शक. फर्स्ट एडी ओट्यावर बसून दुसऱ्या दिवसाची कॉलशीट तपासत होती. ग्रिपची माणसं रुळांखालच्या पाचरी मोजून पेटीत भरत होती. एक कमी भरली, ती देवघराच्या उंबऱ्याखाली सापडली. दोन गल्ल्यांची केबल आता मात्र नीट वेटोळ्यांत गुंडाळून गाडीत चढवायला लाईट दादांना रात्रीचे साडेआठ वाजले. दुसऱ्या दिवशीचा कॉल सकाळी सातचा होता, आणि लाईटवाल्यांचा साडेपाचचा.